गाठ आहे की भिंतच जाड झालीय? ऑपरेशनची तारीख घेण्याआधी हे ठरू द्या

*डॉक्टर, माझं वय ३४. पाळीत पोट इतकं दुखतं की पहिले दोन दिवस उभं राहवत नाही, अंगावरून गुठळ्या जातात. हिमोग्लोबिन ९.६ आहे. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत पिशवीच्या मागच्या भिंतीत ४ सेंटिमीटरचा फायब्रॉइड सांगितला आणि “आधी तो काढा, मग मुलाचं बघू” असा सल्ला मिळाला. दुसरीकडे आतून सोनोग्राफी केली. तिथे म्हणाले, ती गाठ नाहीच, ॲडेनोमायोसिस आहे. फायब्रॉइड आहे तो वेगळाच, पिशवीच्या वरच्या टोकाला बाहेरच्या बाजूने, १.८ सेंटिमीटरचा. ऑपरेशन करू नका म्हणाले. आठ महिने आम्ही प्रयत्न करतोय. नवऱ्याची तपासणी केलेली नाही, कारण दोष पिशवीतच आहे असं सगळे धरून चाललेत. कुणाचं ऐकू?*

दुसऱ्या रिपोर्टकडे माझा कल आहे, आणि एमआरआय होईपर्यंत ऑपरेशनची तारीख घेऊ नका असं मी तुम्हाला स्पष्टच सांगेन. पहिल्या डॉक्टरांचा सल्ला त्यांना जे दिसलं त्याला धरूनच होता. पण पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत जाड झालेली भिंत आणि भिंतीतली गाठ यांची गल्लत सहज होते, आणि तुमच्या बाबतीत तीच झाली असावी असं वाटतं.

फायब्रॉइड ही स्नायूची गाठ. पिशवीच्या भिंतीतल्या एखाद्या स्नायूपेशीपासून ती सुरू होते आणि वाढता वाढता आजूबाजूच्या स्नायूला बाजूला ढकलते. त्यामुळे तिच्याभोवती दाबलेल्या स्नायूचं एक आवरण तयार होतं. गाठ कुठे संपते आणि पिशवी कुठे सुरू होते, हे डोळ्यांना दिसतं आणि बोटालाही कळतं. ॲडेनोमायोसिसमध्ये गाठ नसते. पिशवीच्या आतलं अस्तर, जे दर महिन्याला पाळीत बाहेर पडतं, त्याच्या ग्रंथी स्नायूच्या आत शिरून बसलेल्या असतात. हार्मोन्सच्या तालावर त्याही दर महिन्याला फुगतात, थोडा रक्तस्रावही करतात, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. भोवतालचा स्नायू सुजतो, जाड होतो, जास्त जोराने आकुंचन पावतो. कधी हा प्रकार भिंतीभर पसरलेला असतो, कधी एकाच जागी साचतो. एका जागी साचला की घाईच्या सोनोग्राफीत तो हुबेहूब फायब्रॉइडसारखा दिसतो.

हा फरक सगळ्यात ठळक दिसतो तो ऑपरेशनच्या टेबलावर. फायब्रॉइडवरच्या स्नायूला छेद दिला की खालून पांढरट, गुळगुळीत गाठ वर येते. आवरणाचा थर सापडला की ती शेंगेतून दाणा सुटावा तशी सुटते, आणि तिने बाजूला ढकललेला स्नायू जागच्या जागी शिल्लक असतो. तो थराथराने शिवता येतो. ॲडेनोमायोसिसमध्ये छेद दिला तर तो थर सापडतच नाही. रोगट भाग आणि चांगला स्नायू एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून काढायचं म्हणजे स्नायूच कापून काढायचा. उरलेला भाग ताठर असतो, त्याच्या कडा ताणून जवळ आणाव्या लागतात, टाके नीट धरत नाहीत. रोग थोडा मागे राहतोच. ज्या भिंतीवर उद्या नऊ महिने ताण येणार आहे तीच अशी कमकुवत झाली, तर गरोदरपणात पिशवी फाटण्याचा धोका असतो, आणि फायब्रॉइड काढल्यानंतरच्या धोक्यापेक्षा तो जास्त असतो. कळा सुरू होण्याआधीही असं होऊ शकतं. म्हणून “गाठ काढा” हा सल्ला फायब्रॉइडसाठी योग्य असला, तरी ॲडेनोमायोसिससाठी तोच सल्ला मूल हवं असणाऱ्या बाईचं नुकसान करू शकतो. पाहू आणि पोट उघडल्यावर ठरवू, हा मार्ग मला तुमच्यासाठी मुळीच नको वाटतो.

लक्षणांवरून दोन्ही वेगळे ओळखता येतात का? काही प्रमाणात येतात. जास्त रक्तस्राव दोन्हींत होतो, त्यामुळे गुठळ्या जातात एवढ्यावरून काही ठरत नाही. फायब्रॉइड मुख्यतः जागा अडवतो. तो मोठा असेल तर ओटीपोट जड वाटतं, पुढच्या बाजूला असेल तर सारखी लघवी लागते, मागे असेल तर शौचाला त्रास होतो. दुखणं असलं तरी बहुधा सौम्य असतं, एखादी गाठ आतून सडू लागली किंवा तिचा देठ पिळला गेला तर गोष्ट वेगळी. ॲडेनोमायोसिसचं दुखणं पाळीच्या एखाददोन दिवस आधीच सुरू होतं, खोल असतं, कंबरेत आणि मांड्यांत उतरतं आणि वर्षागणिक वाढत जातं. संबंधांच्या वेळी आत खोल दुखतं. तपासताना पिशवी मऊसर, फुगीर आणि दाबली की दुखणारी लागते, तर फायब्रॉइडची पिशवी टणक आणि उंचसखल लागते. तुमचं उभं न राहता येणारं दुखणं ॲडेनोमायोसिसकडे बोट दाखवतं. १.८ सेंटिमीटरच्या, बाहेरच्या बाजूने असलेल्या फायब्रॉइडने असं दुखत नाही आणि त्याने रक्तस्रावही वाढत नाही. मात्र ॲडेनोमायोसिस असलेल्या साधारण एक तृतीयांश बायकांना काहीच त्रास नसतो, हेही खरं. त्यामुळे लक्षणांनी संशय घ्यायचा आणि निकाल स्कॅनवर सोडायचा.

वय बघून “या वयात ॲडेनोमायोसिस कसं असेल?” असं कुणी म्हणालं तर फार मनावर घेऊ नका. पूर्वी हे निदान पिशवी काढून प्रयोगशाळेत पाठवल्यावरच व्हायचं, आणि पिशवी निघायची ती चाळिशीनंतर. त्यामुळे हा चाळिशीनंतरचा आजार अशी समजूत पक्की झाली. आतून होणारी चांगली सोनोग्राफी आली तशा विशी-तिशीतल्या बायका दिसू लागल्या.

आता तुमचा दुसरा रिपोर्ट हातात घ्या आणि माझ्याबरोबर वाचा. असे रिपोर्ट बहुतेक ठरावीक शब्दांत लिहिलेले असतात. त्यात पिशवी ‘ग्लोब्युलर’, म्हणजे नेहमीच्या पेरूसारख्या निमुळत्या आकाराऐवजी गोल, लिहिलीय का? पुढची आणि मागची भिंत वेगवेगळी मोजलीय का? समजा पुढची १६ मिलिमीटर आणि मागची ३१ आली, तर एवढी तफावत ॲडेनोमायोसिसच्या बाजूने जाते. पण नुसत्या जाडीवर विसंबायचं नसतं, कारण पिशवीचं साधं आकुंचनसुद्धा काही मिनिटं भिंत जाड दाखवतं. खरी खूण म्हणजे स्नायूच्या आत दिसणारे बारीक काळे ठिपके, ज्यांना रिपोर्टमध्ये ‘मायोमेट्रियल सिस्ट’ म्हणतात, किंवा अस्तराखालून स्नायूत घुसलेल्या रेषा आणि कळ्या. हे दिसलं तर ग्रंथीच स्नायूत आहेत असा थेट पुरावा मिळाला. उरलेल्या खुणा आडून सांगणाऱ्या आहेत. त्या भागातून पंख्यासारख्या सावल्या खाली पडतात, कडा धूसर असते, आणि रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लरवर रक्तवाहिन्या त्या भागातून आरपार जाताना दिसतात. फायब्रॉइडमध्ये याच्या उलट असतं. कडा स्पष्ट असते, सावली कडांवरून पडते, रक्तवाहिन्या गाठीभोवती कडं करतात. तुमच्या मागच्या भिंतीतल्या त्या ४ सेंटिमीटरच्या भागाबद्दल ‘वेल डिफाइन्ड’, म्हणजे कडा स्पष्ट, असं लिहिलंय की ‘इल डिफाइन्ड’, म्हणजे कडा धूसर, हे पाहा. पहिल्या रिपोर्टमध्ये कडेबद्दल एक शब्दही नसेल, तर ते ४ सेंटिमीटर कशाचे मोजले हा प्रश्न उरतोच.

अनुभवी हाताने केलेली आतली सोनोग्राफी ॲडेनोमायोसिससाठी एमआरआयच्या जवळपास तोलाची असते, म्हणून प्रत्येकीला एमआरआय करायला मी सांगत नाही. तुम्हाला सांगतेय त्याचं कारण असं, की दोन रिपोर्टमध्ये मतभेद आहे आणि त्यातल्या एकाच्या आधारे पिशवीवर सुरी चालणार आहे. एमआरआयमध्ये अस्तराला लागून स्नायूचा एक काळा पट्टा दिसतो, त्याला जंक्शनल झोन म्हणतात. तो १२ मिलिमीटर किंवा अधिक जाड असेल तर ॲडेनोमायोसिस धरतात, ८ किंवा त्याखाली असेल तर सहसा नाही म्हणतात, आणि मधल्या आकड्यांत बाकीच्या खुणा बघतात. पाळी चालू असताना ही तपासणी करू नका, तेव्हा हा पट्टा एरवीपेक्षा जाड दिसतो. हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही चित्र बदलतं, ते आधी सांगा. फायब्रॉइड असला तर तो काळा, गोल आणि रेखीव कडेचा दिसेल. डॉक्टरांना आणखी एक गोष्ट बघायला सांगा, ती म्हणजे एंडोमेट्रिओसिस आहे का, म्हणजे तसलंच अस्तर पिशवीच्या बाहेरही वाढलंय का. तो ॲडेनोमायोसिसबरोबर पुष्कळदा सापडतो, आणि असला तर तो नळ्या आणि बीजकोषांवरही परिणाम करतो, म्हणून पुढची योजना बदलते.

एमआरआयने दुसऱ्या रिपोर्टला दुजोरा दिला तर फायब्रॉइडचं काय करायचं? काहीच नाही. फायब्रॉइडच्या बाबतीत मुलासाठी महत्त्वाची असते ती त्याची जागा, आकार त्यानंतर येतो. पिशवीच्या पोकळीत डोकावणारा २ सेंटिमीटरचाही फायब्रॉइड गर्भ रुजण्यात अडथळा आणतो, आणि तो योनीमार्गे दुर्बीण घालून, पोटावर छेद न देता काढता येतो. तो काढावाच. भिंतीच्या मधोमध असलेला आणि पोकळीला धक्का न लावणारा फायब्रॉइड काढल्याने गर्भधारणेची शक्यता वाढते, असं खात्रीने सांगण्याइतका पुरावा नाही. तिथे आकार, आधीचे गर्भपात, इतर कारणं पाहून ठरवतात. बाहेरच्या बाजूने असलेला मात्र गर्भ रुजण्याच्या आड येत नाही. रिपोर्टमध्ये ‘फिगो’ नावाचे ० ते ८ आकडे असतात ते जागेचेच असतात. ०, १ आणि २ म्हणजे पोकळीत आलेला, ५, ६, ७ म्हणजे बाहेरच्या बाजूचा. तुमचा ६ किंवा ७ असावा. भिंतीतला मोठा फायब्रॉइड काढावा लागला असता तर भिंत भरून यायला साधारण ३ ते ६ महिने थांबावं लागलं असतं, आणि बाळंतपण सिझेरियननेच करावं लागण्याची शक्यता वाढली असती. ते सगळं तुम्हाला एका निरुपद्रवी गाठीसाठी करायचं नाही.

उलट, एमआरआयमध्ये मागच्या भिंतीत रेखीव कडेची गाठ दिसली आणि ती पोकळीला आत ढकलत असली, तर माझं मत बदलेल आणि पहिले डॉक्टर बरोबर ठरतील. म्हणूनच ऑपरेशनआधी एमआरआय.

आता ॲडेनोमायोसिस आणि मूल. इथे मी तुमच्यापासून काही लपवणार नाही. त्याने गर्भ राहायला वेळ लागू शकतो, आयव्हीएफमध्ये यश थोडं कमी होतं, गर्भपाताचं प्रमाण वाढतं. पण ॲडेनोमायोसिस असलेल्या पुष्कळ बायकांना आपोआप दिवस जातात, आणि आठ महिन्यांत दिवस गेले नाहीत यावरून मूल होणार नाही असं कुणीही म्हणू शकत नाही. ३५च्या आत वर्षभर आणि ३५ नंतर सहा महिने प्रयत्न करून तपासण्या सुरू करायच्या, असा साधारण रिवाज आहे. तुम्ही पस्तिशीच्या दाराशी आहात आणि कारणही सापडलंय, म्हणून मी वर्षाची वाट बघणार नाही. तपासण्या या महिन्यातच करून घ्या. बीजकोषांत किती बीजं शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी तुमची एएमएच, थायरॉइड, नळ्या मोकळ्या आहेत का ते, आणि सगळ्यांत आधी नवऱ्याची वीर्यतपासणी.

या शेवटच्या तपासणीवर मी अडून बसणार आहे. पिशवीत काहीतरी सापडलं की घरातले आणि कधी कधी डॉक्टरही शोध थांबवतात. पुरुषाकडचं कारण एकट्याने किंवा बाईच्या कारणाबरोबर मिळून अनेक जोडप्यांत असतं, आणि ही सगळ्यांत सोपी, बिनत्रासाची तपासणी आहे. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, एवढंच. ती न करता तुम्हाला एमआरआयच्या नळीत किंवा ऑपरेशनच्या टेबलावर पाठवणं मला पटत नाही. ती आधी होऊ द्या.

औषधांबाबत एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे महिने वाया जातात. डायनोजेस्टसारखी गोळी ॲडेनोमायोसिसचं दुखणं छान कमी करते, पण ती चालू असेपर्यंत बहुधा बीज बाहेर पडत नाही. गोळी बंद केल्यावर गर्भ राहण्याची शक्यता वाढलेली असेल असंही नाही. म्हणजे ती दुखण्याची गोळी आहे, मूल होण्याची नाही. सध्या तुम्हाला हवी आहेत ती गर्भधारणेच्या आड न येणारी औषधं. रक्तस्रावासाठी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड असतं, साधारण १ ग्रॅम दिवसातून तीनदा, फक्त जास्त जाणाऱ्या दिवसांत, चारेक दिवसांपर्यंत. आधी कधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल तर ते घ्यायचं नाही, हे डॉक्टरांना सांगा. दुखण्यासाठी मेफेनॅमिक ॲसिडसारखी गोळी दुखणं चढायच्या आधीच सुरू केली तर जास्त उपयोगी पडते, पण ती पाळीपुरतीच ठेवा. पाळीच्या मध्यावर, बीज फुटण्याच्या दिवसांत, या गटातल्या गोळ्या बीज बाहेर पडणं लांबवू शकतात.

हिमोग्लोबिन ९.६ हा माझ्या दृष्टीने या पत्रातला सगळ्यात तातडीचा आकडा आहे. गरोदर नसलेल्या बाईत तो १२च्या वर हवा. तुमच्या शरीराला दर महिन्याला तूट बसतेय, आणि त्या तुटीवर गर्भ राहिला तर बाळंतपणातल्या रक्तस्रावाला शिल्लकच उरणार नाही. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासा आणि लोहाची गोळी सुरू करा. रोज सोसत नसेल तर एक दिवसाआड घेतली तरी चालते, शोषण चांगलं होतं. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन १ ग्रॅमनेही वाढलं नाही तर शिरेतून लोह देण्याबद्दल विचारा. बरोबर ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आजपासूनच.

तपासण्या ठीक आल्या तर तीन-चार महिने नैसर्गिक प्रयत्न चालू ठेवायला माझी हरकत नाही. संबंधांच्या वेळी दुखत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. दुखण्यामुळे नेमके महत्त्वाचे पाच-सहा दिवस टळतात आणि ते कुणी विचारतच नाही. नाहीच जमलं, किंवा एएमएच कमी आली, नळ्या बंद निघाल्या, वीर्यात दोष आढळला, तर आयव्हीएफकडे लवकर जा. ॲडेनोमायोसिसमध्ये बरेच डॉक्टर आधी भ्रूण तयार करून गोठवतात, मग दोन-तीन महिने ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं देऊन पिशवी शांत करतात, आकुंचनं आणि सूज कमी झाली की भ्रूण आत सोडतात. याने फायदा किती होतो याबद्दल अभ्यासांचं एकमत नाही, तरी ज्यांची पिशवी बरीच मोठी आहे त्यांच्यासाठी मी हा मार्ग निवडते. त्या महिन्यांत घामाच्या लाटा येतील, झोप बिघडेल, हे आधीच माहीत असू द्या. ही इंजेक्शनं नैसर्गिक प्रयत्नांसाठी घेऊ नका, ती चालू असताना गर्भ राहत नाही आणि वेळ जातो.

मध्येच तुम्ही दोघांनी वर्षभर थांबायचं ठरवलं, तर गर्भनिरोधक म्हणून तांबी नको, तिने रक्तस्राव आणि दुखणं दोन्ही वाढतं. हार्मोनची लेव्होनॉर्जेस्ट्रेल तांबी मात्र ॲडेनोमायोसिसवर इलाजच आहे, आणि काढल्यावर प्रजननक्षमता परत येते. पिशवी फार मोठी असेल किंवा पोकळी वाकडी झाली असेल तर ती निसटून पडू शकते, म्हणून बसवल्यावर काही आठवड्यांनी जागेवर आहे ना ते पाहून घ्या. पस्तिशीजवळ वर्षभर थांबायचं का, हे एएमएच हातात आल्यावर ठरवा.

दिवस गेले की मेफेनॅमिक ॲसिड आणि त्या जातीच्या गोळ्या लगेच बंद करा. दुखलं तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या. पहिल्याच तपासणीत सांगा की मला ॲडेनोमायोसिस आहे आणि बाहेरच्या बाजूने एक छोटा फायब्रॉइडही आहे. ॲडेनोमायोसिसमध्ये वेळेआधी बाळंत होणं, रक्तदाब वाढणं आणि बाळाची वाढ कमी राहणं जास्त प्रमाणात दिसतं, म्हणून दर भेटीला रक्तदाब आणि शेवटच्या तिमाहीत वाढीची सोनोग्राफी चुकवू नका. फायब्रॉइड पहिल्या तीन महिन्यांत थोडा वाढू शकतो. पोटात त्याच जागी अचानक टोचून दुखलं आणि ताप आला, तर बहुधा त्या गाठीचा रक्तपुरवठा कमी पडलेला असतो. हा त्रास विश्रांतीने आणि वेदनाशामकाने बरा होतो, पण ते घरी ठरवायचं नाही, त्याच दिवशी दाखवा.